पंधरावं सरलं, पाळी नाही, उंचीही कमी. ‘वाट बघा’ म्हणण्याआधी कोणती तपासणी करायची?

मुलीला पाळी उशिरा आली की घरात ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ‘आत्यालाही उशिराच आली होती’, ‘अंगात रक्त कमी असेल’, ‘दहावीचं टेन्शन आहे’. यातलं काहीतरी खरं असूही शकतं. पण पाळी आलेली नाही आणि उंचीही वर्गातल्या सगळ्या मुलींपेक्षा कमी आहे, या दोन गोष्टी एकाच मुलीत दिसल्या तर डॉक्टरांच्या मनात एक नाव लवकर यायला हवं. ते म्हणजे टर्नर सिंड्रोम. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला तो असतो.

नेमकं काय घडतं?

मुलीच्या पेशीत सहसा ४६ गुणसूत्रं असतात आणि त्यात दोन एक्स असतात. टर्नरमध्ये दुसरा एक्स पूर्ण किंवा अर्धवट गायब असतो. एक्सच्या आखूड भुजेच्या टोकाला ‘शॉक्स’ नावाचं जनुक असतं. हाडांच्या वाढीसाठी त्याच्या दोन प्रती लागतात. एकच प्रत असली की उंची खुंटते. अंडाशयातली बीजंही दुसऱ्या एक्सअभावी फार लवकर संपतात, बऱ्याचदा पाळीचं वय येण्याआधीच. म्हणजे उंची आणि पाळी या वेगळ्या दिसणाऱ्या तक्रारींचं मूळ एकच असतं.

हे आनुवंशिक नाही का, असा प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा नाही. बीज किंवा शुक्रजंतू तयार होताना किंवा गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या पेशी विभागताना एक गुणसूत्र निसटतं. पूर्ण एक्स गायब असतो तेव्हा बहुतेकदा तो वडिलांकडून येणारा असतो. त्यामुळे आईला बोल लावणाऱ्या नातेवाइकांनी जरा थांबावं.

एक उदाहरण घेऊ

समजा, कोपरखैरणेतली १५ वर्षं ४ महिन्यांची मुलगी आहे. उंची १३६ सेंटिमीटर, पाळी नाही, स्तनांची वाढ नाही. वडील १६८, आई १५५. मुलीची अपेक्षित उंची काढायची तर दोघांच्या उंचीची बेरीज करून १३ वजा करायचे आणि दोनाने भागायचं. उत्तर येतं १५५. त्यात साधारण साडेआठ सेंटिमीटर इकडे-तिकडे धरले तरी १३६ खूपच खाली राहते. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०१५च्या तक्त्यावरही हा बिंदू सर्वांत खालच्या रेषेखाली पडतो. ‘आईही बुटकीच आहे’ हे उत्तर इथे लागू होत नाही.

खरं तर तपासणीसाठी १५ वर्षं थांबायचीही गरज नव्हती. १३ वर्षांपर्यंत स्तनांची वाढ सुरू झाली नाही, तर तेवढ्यावरही डॉक्टरांना दाखवायचं असतं.

पहिली पायरी साध्या रक्ततपासणीची. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक सोडून अंडाशयाला कामाला लावते. अंडाशयाकडून प्रतिसाद आला नाही की ती आणखी जोर लावते. या मुलीचा आकडा ७८ आला असं धरू. या वयात तो साधारण दहाच्या आत असायला हवा. इस्ट्रोजेन मात्र जवळजवळ नाहीच. अर्थ सरळ आहे: वरून आदेश येतोय, खाली काम होत नाही. नुसताच उशीर असता तर एफएसएच कमी किंवा त्या वयाच्या मानाने साधा आला असता.

दुसरी पायरी सोनोग्राफी. इथे एक मोठी फसगत होते. इस्ट्रोजेन न मिळालेलं गर्भाशय इतकं लहान असतं की रिपोर्टमध्ये ‘गर्भाशय दिसत नाही’ असं येऊ शकतं. मग घरच्यांना सांगितलं जातं की मुलीला गर्भाशयच नाही. जन्मतः गर्भाशय नसण्याचा विकार वेगळा आहे. त्यात अंडाशयं काम करतात, म्हणून स्तनांची वाढ, उंची आणि एफएसएच ठीक असतात. आपल्या उदाहरणात तिन्ही बिघडलेले आहेत. अशा मुलीत इस्ट्रोजेन सुरू केल्यावर तेच ‘न दिसणारं’ गर्भाशय वाढून दिसू लागतं.

कॅरिओटाइप कसं होतं?

निदानावर शिक्का मारते ती कॅरिओटाइप तपासणी. हेपॅरिन असलेल्या नळीत काही मिलिलिटर रक्त घेतात. उपाशी राहावं लागत नाही. प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशी साधारण तीन दिवस वाढवतात आणि ऐन विभागणीच्या क्षणी रसायन टाकून थांबवतात, कारण गुणसूत्रं तेव्हाच सुटी दिसतात. मग पेशी फुगवून, काचपट्टीवर पसरवून, रंग देऊन पट्ट्यांवरून गुणसूत्रं ओळखली जातात. पेशी जिवंत लागतात, म्हणून गोठवलेला नमुना चालत नाही.

किती पेशी मोजल्या, हा आकडा रिपोर्टवर जरूर बघा. सगळ्या पेशींत दोष असतोच असं नाही. काहींत एक एक्स, काहींत दोन, असं मिश्रण असू शकतं. दहा टक्के पेशी वेगळ्या असतील तर २० पेशी मोजून त्या एकही न सापडण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. ३० पेशी मोजल्या तर ती ४ टक्क्यांवर येते. म्हणूनच टर्नरच्या संशयात ३० पेशी मोजायची पद्धत आहे. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि संशय तरीही दाट असेल, तर गालाच्या आतल्या पेशी तपासतात.

या मुलीचा रिपोर्ट असा आला असं धरू:

```
mos 45,X[22]/46,X,i(X)(q10)[8]
```

म्हणजे ३० पैकी २२ पेशींत एकच एक्स. उरलेल्या आठ पेशींत ४६ची संख्या पूर्ण आहे, पण दुसरा एक्स दोन लांब भुजा जोडून बनलेला आहे. आखूड भुजाच नाही, म्हणजे ‘शॉक्स’ची दुसरी प्रतही नाही. ‘४६ आहेत ना, मग ठीक’ हा निष्कर्ष इथे चुकतो.

रिपोर्टमध्ये Y किंवा न ओळखता आलेला तुकडा दिसला तर तो वायचा आहे का, हे वेगळ्या चाचणीने पाहावंच लागतं. वायचा अंश असेल तर अविकसित अंडाशयात गाठ होण्याचा धोका असतो आणि ती काढण्याचा सल्ला सहसा दिला जातो.

पुढे काय?

सर्वांत घाईची तपासणी पाळीची नसून हृदयाची आहे. महाधमनीची झडप तीनऐवजी दोन पाकळ्यांची असणं किंवा महाधमनी अरुंद असणं टर्नरमध्ये नेहमीपेक्षा खूप जास्त आढळतं. म्हणून टू-डी इको आणि रक्तदाब, जोडीला मूत्रपिंडाची सोनोग्राफी, थायरॉइड आणि श्रवण.

‘पाळी आणायच्या’ गोळ्या लगेच सुरू करणं मात्र महागात पडू शकतं. गर्भनिरोधक प्रकारच्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो आणि सगळं सुरळीत झालं असं वाटतं. पण त्यातल्या इस्ट्रोजेनच्या मोठ्या मात्रेने हाडांची टोकं लवकर बंद होतात आणि उरलेली उंची हातची जाते. आधी डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. वाढ शिल्लक असेल तर ग्रोथ हार्मोनचा विचार होतो. ते लहानपणी सुरू होऊन काही वर्षं चाललं तर साधारण ५ ते ८ सेंटिमीटरचा फायदा होतो; पंधराव्या वर्षी अर्थातच कमी. इस्ट्रोजेन अगदी कमी मात्रेत सुरू करून दोन-तीन वर्षांत वाढवतात, मग प्रोजेस्टेरॉन जोडतात. त्यानंतर येते ती पाळी.

ग्रोथ हार्मोनचं रोजचं इंजेक्शन महाग असतं. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ मध्ये टर्नरसाठीचं ग्रोथ हार्मोन दुसऱ्या गटात आहे आणि परळचं केईएम रुग्णालय या धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्र आहे. वाशीहून हार्बरने कुर्ल्याला उतरून गाडी बदलली की परळ. जाताना कॅरिओटाइपचा मूळ रिपोर्ट, हाडांच्या वयाचा एक्स-रे आणि शाळेत दरवर्षी मोजलेल्या उंचीची नोंद मिळाली तर तीही सोबत ठेवा. उंची नेमकी कोणत्या वर्षापासून मागे पडू लागली, हे त्या नोंदीवरूनच कळतं.