वहीतल्या चंद्रकला, दोन मिनिटांत

चंद्राच्या कलांवरचे तासाभराचे व्याख्यान वहीची सहा-सात पाने सहज भरते. साडेएकोणतीस दिवसांचे चक्र, 5 अंशांनी कललेली कक्षा, ग्रहणे, भरती-ओहोटी असे सगळे त्यात येते. दोन मिनिटांच्या व्हिडिओत मात्र सावकाश निवेदनाचे जेमतेम 240 शब्द मावतात. म्हणून टिपणे आटोपशीर करत बसू नये. प्रेक्षकाच्या मनात कोणता गैरसमज आहे, ते आधी शोधावे. इथे तो ठरलेला आहे: पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी-जास्त दिसतो. तो दूर करायला लागेल तेवढेच ठेवायचे. भरती-ओहोटी गेली. कक्षेचा कल राहिला, कारण त्याच्याशिवाय दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, हा प्रश्न अडतो.

मग कागदावर दोन रकाने आखावेत आणि दृश्याचा रकाना आधी भरावा.

| दृश्य | निवेदन |
|---|---|
| अंधारी खोली, समोर एकच दिवा. हातात पांढरा चेंडू, दिव्याकडे धरलेला. कॅमेरा डोळ्यांच्या जागी. | दिवा म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे चंद्र. उजळलेली बाजू पलीकडे आहे. ही अमावास्या. |
| चेंडूसह डावीकडे पाव वळण. उजवा अर्धा भाग उजळतो. | (तीन सेकंद शांतता) आता अर्धा चंद्र. चेंडूवर कोणाचीही सावली पडलेली नाही. |
| दिव्याकडे पाठ, चेंडू डोक्याहून थोडा वर. | पूर्ण उजेड, पौर्णिमा. चेंडू खाली घेतला तर डोक्याची सावली पडेल. तेच चंद्रग्रहण. |

वहीतली 5 अंशांची नोंद इथे 'डोक्याहून थोडा वर' या शब्दांत उतरली आहे. आकडा उच्चारायची गरजच उरली नाही. पाठ्यपुस्तकातली आकृती उतरवली असती तर घोटाळा झाला असता. तिच्यात पृथ्वी आणि चंद्र वरून पाहिलेले असतात, कला मात्र जमिनीवरून दिसणाऱ्या. कोण कुठून पाहतो आहे, हे प्रेक्षकाला कळत नाही. शिवाय पृथ्वी-चंद्र इतके जवळ काढलेले असतात की सावलीचा गैरसमज उलट पक्का होतो. खरे अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट आहे.

निवेदनातलीच वाक्ये पडद्यावर छापायचा मोह फार होतो. चलच्चित्रासोबत आवाज चालू असताना तोच मजकूर वाचावा लागला तर शिकणे कमी होते, असे रिचर्ड मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसले आहे. नजर अक्षरांवर जाते आणि चेंडू बघायचा राहतो. पडद्यावर 'पौर्णिमा' एवढा एक शब्द पुरे.

संहिता झाली की घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मग निवेदनाचा रकाना हाताने झाका आणि फक्त दृश्ये वाचा. चंद्र बदलताना दिसला पाहिजे. एखाद्या ओळीसमोर 'चंद्राचा फोटो' यापलीकडे काही सुचत नसेल, तर ती ओळ अजून व्याख्यानातच आहे. ती काढून टाका.