मामी, द्राक्षं चिरून आणि दाणे कुटून

ती. मामी,

शनिवारी बाळाला तुमच्याकडे सोडतेय. द्राक्षांचा हंगाम आहे आणि तुमच्याकडे भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा कायम भरलेला असतो, म्हणून आधीच लिहिते. ‘आमची पोरं हेच खाऊन वाढली’ असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंही आहे. बहुतेक मुलांना काही होत नाही. पण ज्याच्या घशात अडकतं, त्याच्यासाठी हाताशी काही मिनिटंच असतात.

बाळ नुकताच दोन वर्षांचा झालाय. पुढच्या दातांनी तुकडा तोडतो, पण अगदी मागच्या दाढा अजून यायच्यात. त्यामुळे दाणा बारीक होत नाही, अख्खाच जिभेवर फिरत राहतो. तेवढ्यात हसू आलं, की आत ओढलेल्या श्वासाबरोबर तो श्वासनलिकेत जातो.

द्राक्षाचा धोका वेगळा. ते गुळगुळीत आणि दबणारं असल्यामुळे बाटलीला बूच बसावं तसं घशात घट्ट बसतं, कडेने हवा जायला फटही राहत नाही. मूल मग खोकत नाही, रडतही नाही. म्हणून द्राक्ष उभं चिरून चार फोडी करायच्या. आडवं कापून दोन तुकडे केले तर गोलाई तशीच राहते.

शेंगदाणा लहान, म्हणून तो आणखी खाली उतरतो, बरेचदा उजव्या फुप्फुसाच्या नळीत. ती डावीपेक्षा रुंद आणि जास्त सरळ असते. आधी जोराचा ठसका लागतो, मग मूल शांत होतं आणि घरच्यांना वाटतं, निभावलं. पण ओलाव्याने दाणा फुगतो, त्यातल्या तेलाने नळी सुजते आणि काही दिवसांनी खोकला-ताप सुरू होतो. एकाच बाजूने घरघर येते. एक्स-रेत दाणा दिसत नाही. ‘दाणे खाताना ठसका लागला होता’ हे कुणी सांगितलं नाही, तर सर्दीचीच औषधं चालू राहतात. दाणा काढायला भूल देऊन दुर्बीण घालावी लागते. काजू, बदाम, फुटाणे यांचंही तेच. पाच वर्षांचा होईपर्यंत अख्खे नकोत.

काही अडकलंच आणि तो खोकत असेल, तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरकस थापा मारा. तेवढ्याने नाही झालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने आत-वर पाच झटके द्या. दोन्ही आलटून पालटून करत राहा आणि मामांना १०८ लावायला सांगा. न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नका, ती आणखी खाली जाते.

दाण्याचं कूट मात्र दह्यात कालवून खुशाल द्या, त्याला फार आवडतं. फक्त खाताना एका जागी बसवा, आणि मामांनाही तेवढं बजावून ठेवा. खिशातले दाणे हळूच हातावर ठेवणारे तेच आहेत.