दोन आवाजांची संहिता : तोडायचं कुठे, सोपवायचं कुठे

मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत आजही अनेकांना आवाजावरून आठवतात. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांच्या बोलण्यात कुणी मध्येच अडवायचं, कुणी दुसऱ्याचं वाक्य पुरं करायचं, आणि विषय मात्र भरकटायचा नाही. ऐकणाऱ्याला ते घरातलंच बोलणं वाटायचं. आज एफएमच्या सकाळच्या कार्यक्रमांत, पॉडकास्टमध्ये आणि दूरचित्रवाणीच्या गप्पांत दोन निवेदकांची जोडी सगळीकडे दिसते. पण लिहून दिलेल्या गप्पा कानाला खोट्या लागतात ही तक्रारही तितकीच सर्रास ऐकू येते. दोष बहुतेक वेळा शब्दांचा नसतो. एकाचं पुरं झालं, मग दुसऱ्याचं सुरू झालं, अशी शाळेतल्या संवादवाचनासारखी पाळी लागते आणि तिथेच गप्पांचा जीव जातो.

माणसं पाळी कशी घेतात, याचा पद्धतशीर अभ्यास हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी केला. त्यांचा पायाभूत लेख 1974 सालचा. बोलणाऱ्याचं वाक्य कुठे संपू शकेल हे ऐकणारा आधीच हेरतो आणि त्या जागेवर नजर ठेवून स्वतःची तयारी करतो, हे त्याचं सार. 2009 साली दहा भाषांतल्या हो-नाही उत्तराच्या प्रश्नांची तुलना झाली. प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघालं. साधा एक शब्द सुचून ओठांवर यायला मात्र अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं बोलणं चालू असतानाच उत्तर तयार होत असतं. मराठीसारखंच क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवणारी जपानी त्या दहांत सर्वांत चपळ ठरली. क्रियापदाची वाट बघत कुणी थांबत नाही.

कागदावरून वाचणारा मात्र थांबतो. समोरच्याची ओळ संपली याची तो डोळ्यांनी खात्री करतो, श्वास घेतो आणि मग सुरू करतो. ती छोटी फट प्रत्येक ओळीनंतर पडली की श्रोत्याला कागद ‘ऐकू’ येतो. म्हणून संहितालेखकाला काय बोलायचं याच्याबरोबरीने कधी सुरू करायचं, हेही लिहावं लागतं.

आपल्याकडे अडवणं दाखवायला सर्रास तीन टिंबं देतात. ती फसतात, कारण टिंबं दिसली की वाचणारा आपणहून थांबतो. त्याला कुणी तोडल्यासारखं वाटतच नाही. इंग्लंडच्या नाटककार कॅरिल चर्चिल यांनी ‘टॉप गर्ल्स’ या 1982च्या नाटकात यावर साधा उपाय वापरला. पहिल्याचं वाक्य पुरतं लिहायचं आणि दुसऱ्याने जिथे सुरू करायचं तिथे तिरकी रेघ मारायची. पहिला बोलतच राहतो, दुसरा रेघेवर शिरतो. मध्ये क्षणही न सोडता ओळ जोडून घ्यायची असेल, तर जेफरसन यांच्या लेखनपद्धतीतलं बरोबरीचं चिन्ह उपयोगी पडतं.

दिवाळीच्या सकाळचा फराळाचा एक तुकडा घेऊ. पहिला खर्डा असा असतो :

ती : यंदा माझ्या चकल्या तेलात विरघळल्या.
तो : अरेरे! असं का होतं?
ती : मोहन जास्त झालं की चकली विरघळते.
तो : आणि कमी झालं तर?
ती : तर ती कडक होते.

माहिती बरोबर आहे, पण ‘तो’ला इथे स्वतःचं काहीच नाही. तो फक्त पुढच्या उत्तरासाठी दार उघडतो. दोघांनाही विषयातलं थोडं थोडं माहीत आहे असं धरलं, की तोच मजकूर बदलतो :

ती : यंदा पहिला घाणा सोडला आणि सगळा विरघळला / की रे डोळ्यांदेखत.
तो : विरघळला? म्हणजे मोहन सढळ हाताने घातलंस!
ती : अरे, भाजणी कोरडी वाटली, म्हणून आणखी दोन चमचे / तेल घातलं.
तो : तिथेच बिघडलं. आमच्याकडे उलटा प्रकार. मोहन जास्त होईल या धास्तीने आई हात आखडता घेते =
ती : = आणि चकल्या दगडासारख्या!
तो : भाऊबीजेपर्यंत डबा भरलेलाच.
ती : म्हणजे जास्त झालं तर विरघळते, कमी पडलं तर कडक. मग नेमकं कळायचं कसं?
तो : मूठ वळून बघायची म्हणतात. दरवर्षी चकल्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या एक काकू आज आपल्याकडे आल्यात, त्यांनाच विचारू. काकू, ही मूठ कशी वळायची?

रेघांच्या जागा नीट पाहण्यासारख्या आहेत. ‘विरघळला’ आणि ‘दोन चमचे’ हे कळीचे शब्द रेघेच्या आधी ऐकू येतात. रेघेनंतर उरतं ते झाकलं गेलं तरी श्रोत्याचं काही हुकत नाही. हीच या तंत्राची मर्यादाही आहे. आकडा, नाव, पत्ता किंवा औषधाची मात्रा यांवर दुसरा आवाज कधीच चढवायचा नाही. दोन्ही आवाज एकाच पट्टीतले असतील, तर रेघा आणखी कमी ठेवाव्या लागतात, कारण लहान स्पीकरवर दोन सारखे आवाज एकमेकांत मिसळून जातात. दोघं दोन शहरांतून इंटरनेटवर बोलत असतील, तर आवाज उशिरा पोचतो आणि रेघेवरचा प्रवेश चुकीच्या शब्दावर पडतो. अशा वेळी ओळी स्वच्छ सुट्या ठेवलेल्या बऱ्या.

सोपवण्याचं कामही याच उताऱ्यात दिसतं. ‘आता काकू आपल्याला मार्गदर्शन करतील’ असं म्हटलं, की पाहुण्याला सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही आणि आभारांत अर्धं मिनिट जातं. ‘ही मूठ कशी वळायची?’ या प्रश्नाला मात्र लगेच उत्तर आहे : मोहन चोळलेली भाजणी मुठीत दाबायची, मुटका वळून टिकला की मोहन बेताचं झालं. त्याआधी तिने दोन्ही बाजू एका वाक्यात गोळा केल्या आहेत, त्यामुळे उशिरा रेडिओ लावणाऱ्यालाही विषय कळतो. गाण्याकडे किंवा जाहिरातीकडे जाताना तर शेवटचं वाक्य अक्षरशः ठरलेलं लागतं. ध्वनिमुद्रण सांभाळणारा तंत्रज्ञ त्याच शब्दांवर हात ठेवून बसलेला असतो. तिथे उत्स्फूर्तपणा केला, तर गाणं अर्ध्या वाक्यावर सुरू होतं.

म्हणून मुरलेली जोडी बरेचदा प्रत्येक टप्प्याची पहिली आणि शेवटची ओळ पक्की लिहिते, रेघा मारते आणि मधल्या भागासाठी नुसते मुद्दे ठेवते. जोडी नवी असेल, तर सगळंच लिहावं लागतं. मात्र ते एकत्र बसून, मोठ्याने बोलत लिहावं. एकट्याने लिहिलेल्या संहितेत दोघंही लेखकासारखंच बोलू लागतात.

तपासणीसाठी तालीम ध्वनिमुद्रित करावी आणि कागद बाजूला ठेवून ऐकावी. तीन गोष्टींवर कान ठेवावा. ‘हो ना’, ‘अगदी बरोबर’ असे होकार काढून टाकले आणि काहीच बिघडलं नाही, तर ते लिहून दिलेले भराव होते. खरा हुंकार निवेदक स्वतःच देतात. ओळींवरची नावं झाकली आणि कोण बोलतंय ते ओळखता आलं नाही, तर दोन माणसं घडलेलीच नाहीत. आणि तोडणारा प्रत्येक वेळी एकच असेल, त्यातही तो पुरुष आणि विचारत राहणारी बाई असेल, तर त्या गप्पा नव्हेत, शिकवणी आहे. अशा वेळी रेघांची अदलाबदल करून भागत नाही. वरच्या उताऱ्यात ‘तो’च्या पदरात आईच्या कडक चकल्या टाकल्या, तसा तिच्याही पदरात तिच्या माहितीतला एखादा मुद्दा टाकावा लागतो. तोडण्याजोगं काही हाताशी असेल, तरच माणूस मध्ये बोलतो.