बार तोच, मग जड का?

समजा, पाळीच्या दुसऱ्या दिवशी नेहमीचा ६० किलोचा स्क्वॉट जड गेला. वजन तेच ठेवा, एखादा सेट कमी करा. ताकद गेली असं समजू नका. पण पाळी संपून आठवडा झाला तरी दम लागत असेल, तर फेरिटिन तपासा. हिमोग्लोबिन १२.४ असूनही फेरिटिन १५च्या खाली, म्हणजे लोहाचा साठा रिकामा, असं होऊ शकतं. (तापात मात्र हा आकडा फसवा वाढतो.)

जिमनंतर पोहे आणि लगेच अमृततुल्यचा चहा ही पुणेरी जोडी इथे नडते, कारण चहातलं टॅनिन लोह नीट शोषू देत नाही. पोह्यांवर लिंबू पिळा, चहा तासाभराने घ्या. लोहाच्या गोळ्या तपासणीनंतर, डॉक्टरांना विचारूनच.