धडे विकत घेतले, पण किती दिवसांसाठी?

कामापुरता ईमेल : भाग ७

पुणतांब्याच्या एका वाचक ताईंनी या आठवड्याचा प्रश्न पाठवला आहे. त्या रोज रेल्वेने कोपरगावला कामाला जातात. एका ऑनलाइन संस्थेची वर्षाची वर्गणी भरून त्या टॅली शिकताहेत. त्याच अ‍ॅपवर जीएसटी विवरणपत्रांचे बारा धडे त्यांनी वेगळे पैसे मोजून घेतले. गाडीत नेटचा भरवसा नाही, म्हणून रात्री घरच्या वायफायवर धडे डाउनलोड करून ठेवायचे आणि सकाळी पाहायचे, असा त्यांचा शिरस्ता. वर्गणी ३१ मार्चला संपते. ‘माझे धडे किती दिवस डाउनलोड होतील?’ असं त्यांनी संस्थेला विचारलं, तर उत्तर आलं, ‘सबस्क्रिप्शन चालू असेपर्यंत सर्व सुविधा मिळतील.’

उत्तर खोटं नाही, पण ते वर्गणीतल्या धड्यांबद्दल आहे. ताईंना विचारायचं होतं वेगळ्या घेतलेल्या बारांबद्दल. ईमेलमध्ये हा फरक लिहिलेला नव्हता आणि पलीकडच्या माणसानं तो शोधायचे कष्ट घेतले नाहीत.

फरक मोठा आहे. युडेमीचंच पाहा. तिथे सुटा विकत घेतलेला कोर्स साधारणपणे कायमचा पाहता येतो, पण वर्गणीतून उघडलेला कोर्स वर्गणीबरोबर बंद होतो. ‘कायमचा’ यालाही मर्यादा आहे, कारण आपल्याला मिळतो तो पाहण्याचा परवाना. कायद्याच्या किंवा धोरणाच्या कारणानं तो मागे घेण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते.

दुसरी गोम ‘डाउनलोड’मध्ये आहे. अ‍ॅपमध्ये उतरवलेला व्हिडिओ बहुधा कुलूपबंद असतो. फाइल आपल्या मोबाइलमध्ये असते, पण किल्ली कंपनीच्या सर्व्हरकडून येते आणि त्या किल्लीला मुदत असू शकते. म्हणून नवा धडा उतरवता येणं एक, आणि आधी उतरवलेला धडा चालणं दुसरं. वर्गणी संपल्यावर दुसऱ्या गोष्टीचं काय होईल, हे विचारल्याशिवाय कळत नाही. खूण सोपी आहे: उतरवलेला व्हिडिओ फक्त त्या अ‍ॅपमध्येच चालत असेल, गॅलरीत किंवा दुसऱ्या प्लेअरमध्ये दिसत नसेल, तर तो कुलूपबंद समजा. अ‍ॅप काढून टाकलं की असे व्हिडिओ सहसा त्याबरोबर पुसले जातात. पीडीएफ टिपणं मात्र साध्या फाइली म्हणून मिळत असतील, तर ती आजच उतरवून ठेवा.

आता ताईंचा ईमेल पुन्हा लिहू. खात्याला जोडलेल्या पत्त्यावरूनच तो पाठवायचा, म्हणजे ओळख पटवण्यात दोन दिवस जात नाहीत. विषयाच्या ओळीत ऑर्डर क्रमांक हवा.

‘विषय: ऑर्डर क्र. ____ : वर्गणीनंतर खरेदी केलेल्या धड्यांची मुदत

महोदय/महोदया,
माझी वार्षिक वर्गणी ३१ मार्चला संपते. तिच्याव्यतिरिक्त मी जीएसटी विवरणपत्रांचे १२ धडे वरील ऑर्डरनं स्वतंत्र विकत घेतले आहेत. पावती जोडली आहे. फक्त या १२ धड्यांविषयी कृपया कळवावे:
१) वर्गणीचं नूतनीकरण केलं नाही, तर ते कोणत्या तारखेपर्यंत नव्यानं डाउनलोड करता येतील?
२) आधी डाउनलोड केलेले धडे १ एप्रिलनंतर नेटशिवाय चालतील का? कोणत्या तारखेपर्यंत?
३) मोबाइल बदलल्यास ते पुन्हा उतरवता येतील का?
हे आपल्या अटींमध्ये जिथे लिहिलं आहे, त्या कलमाचा क्रमांक द्यावा.’

‘किती दिवस’पेक्षा ‘कोणत्या तारखेपर्यंत’ विचारलेलं बरं. ‘९० दिवस’ म्हटलं की ते खरेदीपासून की वर्गणी संपल्यापासून, हा वाद उरतो. तारखेत तो उरत नाही. कलमाची मागणीही मुद्दाम आहे, कारण मग उत्तर देणाऱ्याला अटी उघडून वाचाव्या लागतात. सगळी कैफियत, महागाई, गाडीची वेळ यांपैकी काहीही ईमेलमध्ये नको. त्या गर्दीत प्रश्न दिसेनासे होतात.

हा ईमेल वर्गणी संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधी पाठवा. नंतर खात्यातली खरेदीची नोंद दिसेलच असं नाही. पुन्हा मोघम उत्तर आलं, तर त्याच ईमेलच्या उत्तरात ‘प्रश्न २ चं उत्तर मिळालं नाही’ एवढंच लिहा. नवा ईमेल सुरू केला की नवा तिकीट क्रमांक मिळतो आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

तरीही दाद मिळाली नाही, तर तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांत डिजिटल उत्पादनंही येतात. या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संस्थेनं आपल्या संकेतस्थळावर द्यायचा असतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्याच्या आत व्हायला हवं. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे ऑर्डर क्रमांक, पावती आणि हा पत्रव्यवहार हाताशी ठेवूनच फोन करा.