'मी मांजर नाही, युअर ऑनर'

9 फेब्रुवारी 2021. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एका दिवाणी खटल्याची झूमवर सुनावणी होती. न्यायाधीश रॉय फर्ग्युसन स्क्रीनसमोर बसले आणि वकिलाच्या चौकटीत दिसलं पांढरं, केविलवाणं मांजराचं पिल्लू. वकील घाबऱ्याघुबऱ्या म्हणत होते, "मी इथे प्रत्यक्ष हजर आहे. मी मांजर नाही." न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "ते दिसतंय मला."

वकिलांनी सहकाऱ्याचा कॉम्प्युटर वापरला होता आणि त्यात कॅमेऱ्याचा फिल्टर चालू राहिला होता. तो फिल्टर चेहऱ्याच्या हालचाली टिपतो, म्हणून वकिलांचे भेदरलेले डोळे थेट मांजराच्या चेहऱ्यावर उतरले. खरी गंमत तिथेच आहे! नुसतं चित्र असतं, तर एवढं हसू आलं नसतं. न्यायालयानेच चित्रफीत प्रसिद्ध केली आणि ती जगभर फिरली.

म्यूटच्या विनोदांमागेही असंच एक यांत्रिक कारण आहे. समोरासमोर बोलताना ऐकणाऱ्याची मान हलते, 'हं' ऐकू येतं. कॉलवर बऱ्याच जणांचे कॅमेरे बंद, माइक बंद, त्यामुळे आपला आवाज पोचत नाही हे कळायला काहीच खूण उरत नाही. माणूस पाच मिनिटं तळमळीने बोलतो आणि मग कुणीतरी सांगतं, "तुम्ही म्यूटवर आहात." झूम आता तशी सूचना दाखवतं खरं, पण बोलण्याच्या भरात तिच्याकडे बघतो कोण?

'ही मीटिंग ईमेलवर भागली असती' हा टोमणा मात्र कोविडच्या आधीपासून कॉफीच्या मगांवर छापला जात होता.