फोनवर हरवणारा संवाद

स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर स्वच्छ वाटणारा संवाद फोनवर पुसट होतो, कारण फोनचा इवलासा स्पीकर साधारण ३०० हर्ट्‌झखालचा आवाज जेमतेमच देतो. आवाजाचा भरदारपणा जातो. मग सगळी भिस्त २ ते ४ किलोहर्ट्‌झमधल्या व्यंजनांवर, आणि नेमकी तिथेच सतार किंवा पावसाची सर बसलेली असते. ‘काल’ म्हटलं की ‘चाल’, कळत नाही. अशा वेळी संवादच वाढवत नेला तर तो कर्कश होतो. त्याऐवजी बोलणं चालू असेल तेवढाच वेळ पार्श्वसंगीताचा तो पट्टा इक्वलायझरने ३ डेसिबल खाली घ्या. मग मिक्स खऱ्या फोनवर, हळू आवाजात, पंखा चालू ठेवून ऐका. आणि संहिता न वाचलेल्या माणसाला जरूर ऐकवा. पाठ असलेले शब्द आपला कान स्वतःच भरून काढतो.